शेजाऱ्याला धक्का न लावता

बाथरूमच्या भिंतीवरची टाइल तडकली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'राहू दे की, काय बिघडतंय!' दुसरा म्हणतो, 'आत पाणी मुरतंय, उद्या खालच्यांच्या छताला ओल येईल आणि परवा त्यांची तक्रार.' पहिल्या पक्षात, ज्याच्या खात्यातून पैसे जायचे असतात तो एकटा असतो. दुसऱ्यात बाकीचं सगळं घर. लोकशाही असल्यामुळे टाइल बदलायचं ठरतं.

खरं सांगायचं तर दोन्ही पक्ष अर्धे बरोबर असतात. टाइल म्हणजे पाणी अडवणारी भिंत, असा आपला एक भाबडा समज आहे. टाइलला फक्त वरून काचेसारखी चकाकी असते. आतलं अंग मातीचं भाजलेलं बिस्किट असतं आणि भिंतीवरच्या टाइलचं हे बिस्किट स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. दोन टाइलांच्या मधल्या सांध्यात भरलेलं ग्राउट तर सिमेंटचंच. तेही थोडंथोडं पाणी घेतच असतं. पाण्याला खरा अटकाव करतो तो टाइलच्या मागे, प्लास्टरवर मारलेला वॉटरप्रूफिंगचा थर. तो शाबूत असेल तर केसाएवढ्या तड्याने भिंत पडत नाही. पण तडा साबणाचं पाणी पीत पीत काळपट होत जातो, मागे पोकळी असेल तर तिथे पाणी साचतं, आणि रोज सकाळी डोक्यावरून पाणी घेताना बरोबर त्याच रेषेवर नजर जाते. यातलं तिसरं कारण सर्वांत गंभीर.

आमची टाइल शॉवरच्या भिंतीवरची, छातीच्या उंचीची. आकार बारा बाय अठरा इंच, जाडी आठ मिलिमीटर. रंग दुकानदाराच्या मते 'आयव्हरी' आणि आमच्या मते पांढरा, पण मळलेला. साबणदाणी लटकवायला कुणीतरी कधीतरी तिच्यात स्क्रू मारला होता. त्या भोकापासून निघालेला तडा तिरपा खालच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. स्क्रू कुणी मारला, या विषयावर घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे.

तडा कुठून निघाला आणि कुठे संपला, हे छिन्नीला हात लावण्याआधी बघावं लागतं. तो एकाच टाइलमध्ये सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर दोष त्या टाइलचा. पण तीच रेघ खालच्या टाइलमध्ये, तिच्याखालच्या टाइलमध्ये, अशी नाकासमोर चालत गेलेली दिसली तर मागची भिंतच तडकलेली असते. बहुतेकदा सिमेंटचा खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात, तिथे. अशा जागी नवी टाइल बसवली तर तीही पुढेमागे त्याच रेषेत तडकते, आणि मग माणूस टाइलच्या कंपनीला शिव्या देतो. आमचा तडा सुदैवाने घरगुती होता.

मिस्त्री शोधणं हा यातला करमणुकीचा भाग. पहिल्याने दारातूनच टाइल पाहिली आणि 'पाच मिनटाचं काम' म्हणून पिशवीतून हातोडी काढली. शेजारची फुटली तर, असं विचारल्यावर तो म्हणाला, 'मग ती पण बदलू.' आणि तिच्या शेजारची? 'ती पण.' हा माणूस प्रामाणिक होता, पण त्याच्या हिशेबाने आम्ही जिन्यापर्यंत पोहोचलो असतो. दुसऱ्याने बाथरूममध्ये उभं राहून चहूकडे करुण नजर फिरवली. 'एक टाइल बदलून काय होणार साहेब,' असं म्हणत त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे अख्ख्या बाथरूमचा अंदाज लिहून दिला. त्यात नवा कमोडही होता. आमच्या कमोडबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती.

तिसरा आला तो गप्पच. त्याने खिशातून एक रुपयाचं नाणं काढून टाइलवर टिचक्या मारल्या, आधी तडकलेलीवर आणि मग तिच्या चारही शेजारणींवर. भरीव टाइल बारीक आणि टणक वाजते. मागे पोकळी असेल तर आवाज बद्द येतो. आमच्या टाइलचा मधला भाग बद्द, कडा टणक. 'मधी माल भरलाच नाही,' तो म्हणाला. म्हणजे बसवणाऱ्याने मागे केमिकल नीट न पसरता चार कोपऱ्यांना चार गोळे चिकटवून टाइल दाबली होती. मागे आधार नसलेल्या जागी भोक पाडलं आणि स्क्रू आवळला की टाइल तडकणारच. मग त्याने दोन प्रश्न विचारले. 'ह्याच्यातली टाइल शिल्लक आहे का? आन् पाइप कुठून गेलाय?' किती घेणार, हे त्याने नंतर सांगितलं. आम्ही त्यालाच काम दिलं.

पहिल्या प्रश्नाने घरात उत्खनन सुरू झालं. बाथरूमचं काम झाल्यावर उरलेल्या टाइला आपण जपून ठेवतो, याबद्दल कुणालाही शंका नसते. शंका असते ती कुठे, याबद्दल. माळ्यावर जुन्या सुटकेसा, गणपतीचं मखर, चाक नसलेली सायकल आणि हरवली म्हणून मी जिच्या बदली नवीन आणली ती छत्री, या सगळ्यांच्या मागे ते खोकं निघालं. आत तीन टाइला होत्या. एकीचा कोपरा उडालेला. खोक्याच्या बाजूवर शेड आणि बॅच नंबर छापलेला होता, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मौल्यवान मजकूर तोच. एकाच नावाची, एकाच कंपनीची टाइलसुद्धा वेगळ्या बॅचमध्ये रंगाने थोडी फिकी किंवा आकाराने किंचित लहानमोठी असू शकते. एकटी लावली तर कळणार नाही, पण भिंतीत मधोमध बसवली की लांबूनही डोळ्यांत भरते.

खोकं सापडलं नसतं तर? तर दुकानं पालथी घालायची. देशातल्या बऱ्याचशा टाइला गुजरातेतल्या मोरबीहून येतात. तिथे डिझाइनं इतक्या वेगाने बदलतात की दहा वर्षांपूर्वीची टाइल मागितली की दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. वॉशिंग मशीनच्या मागची टाइल काढून इथे लावा, असा एक सल्ला नेहमी मिळतो. ऐकायला छान वाटतो. पण तडकलेली टाइल फोडून काढायची असते. ही मात्र अखंड, जिवंत काढायची. पक्क्या बसलेल्या टाइलच्या बाबतीत ते जवळपास अशक्य असतं. ती तुटते आणि घरात एकाऐवजी दोन जागा उघड्या पडतात.

दुसरा प्रश्न पाइपचा. आपल्याकडे पाइप भिंतीच्या पोटात असतात आणि त्यांचा नकाशा फक्त प्लंबरच्या डोक्यात असतो. प्लंबर गावी गेलेला असतो. मिक्सरपासून शॉवरकडे पाइप सरळ उभा गेला असेल, हा आपला अंदाज. मिस्त्रीने अंदाजावर काम केलं नाही. मिक्सरच्या मागची स्टीलची तबकडी पुढे सरकवून, टॉर्च मारून, पाइप कुठल्या दिशेला वळलाय ते त्याने पाहिलं. तो आमच्या टाइलच्या डाव्या कडेजवळून जात होता. त्या कडेला ड्रिल लावायचं नाही, असं त्याने पेन्सिलीने टाइलवरच लिहून ठेवलं. बाथरूमचा कॉक बंद केला, गीझरचा स्विच खाली बोर्डावरूनच पाडला. जमिनीवरच्या जाळीत फडकं कोंबलं. टाइलचे तुकडे एकदा त्या पाइपात गेले की टाइलचा खर्च किरकोळ वाटायला लागतो, हे त्याने अनुभवाने सांगितलं. कुणाच्या घरचा अनुभव, हे मात्र सांगितलं नाही.

आता ठोकाठोक सुरू होणार, म्हणून आम्ही सगळे दारात जमलो. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांना आवाजाचा त्रास होतो, त्यामुळे आवाज नेमका कधी सुरू होणार हे बघायला ते प्रत्येक घरी जातीने हजर राहतात. मिस्त्रीने चारही शेजारणींच्या कडांवर कागदी चिकटपट्टी लावली. हॅकसॉच्या पात्याचा एक तुकडा घेतला, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि सांध्यातलं ग्राउट खरवडायला बसला. खर्र, खर्र. बराच वेळ दुसरं काहीच झालं नाही. काका म्हणाले, 'हातोडी विसरलास काय रे?' मिस्त्री म्हणाला, 'हाये की. तिचं काम शेवटी.'

या कामातली सगळी गोम इथेच आहे, पण हे बघायला कुणालाच मजा येत नाही. दोन टाइलांमधलं ग्राउट वाळलं की दगडासारखं होतं आणि दोघींना एकमेकींशी बांधून टाकतं. ते न काढता मधल्या टाइलवर घाव घातला तर धक्का ग्राउटमधून पलीकडे जातो आणि शेजारणीच्या कडेची चकाकी टिचते. तिचा दोष काहीच नसतो. म्हणून चारही बाजूंनी सांधा मोकळा करायचा, तोही टाइलच्या पूर्ण जाडीइतका. वरचं मिलिमीटर-दोन मिलिमीटर खरवडून 'झालं' म्हणणारे पुष्कळ असतात आणि शेजारच्या टाइला त्यांच्याच हातून फुटतात. आमच्या मिस्त्रीने लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला, त्यावर आठ मिलिमीटरवर खूण केली आणि तो चारही सांध्यांतून फिरवला. जिथे कागद खुणेपर्यंत आत गेला नाही, तिथे पुन्हा खर्र. पण आठच्या पुढेही जायचं नाही. तिथून पुढे केमिकल, आणि त्याच्या मागे वॉटरप्रूफिंग.

ग्राइंडर का नाही, हे मी विचारलंच. ग्राइंडर त्याच्या पिशवीत होता, हेही दिसत होतं. तो म्हणाला, दोन मिलिमीटरच्या सांध्यात फिरणारी चकती हातात जराशी हलली की शेजारची कड गेली. शिवाय ती किती खोल चाललीय हे धुळीत दिसत नाही. काही जण तडकलेल्या टाइलवर ग्राइंडरने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारतात. त्यातही एक गंमत आहे. चकती गोल असते. चार इंची चकती आठ मिलिमीटर आत उतरवली की पृष्ठभागावरचा काप तळाच्या कापापेक्षा इंचभराहून जास्त पुढे गेलेला असतो. म्हणजे कोपऱ्यात पूर्ण खोलवर कापायच्या नादात वरून आपण शेजारणीच्या अंगावर गेलेलो असतो. फुली मारायचीच तर कोपऱ्याच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं.

त्याने ड्रिल काढलं. मशीनवरचं हातोडीचं चिन्ह असलेलं बटण बंद केलं, म्हणजे बिट नुसतं फिरेल, ठोकणार नाही. बिटाच्या टोकापासून सात मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळली. टाइल आठची आहे, म्हणून सातला थांबायचं. टाइलच्या मध्यावरही चिकटपट्टीचा तुकडा लावला, कारण चकाकीवर बिट घसरतं. मग तळहाताएवढ्या वर्तुळात एकाशेजारी एक भोकं पाडायला घेतली. मी जवळ जाऊन बघत होतो. आधी अगदी बारीक पांढरी पूड आली. ती वरची चकाकी. मग लालसर, मऊ पूड यायला लागली. ते बिस्किट. 'आता राखाडी दिसली की थांबायचं,' तो म्हणाला. राखाडी म्हणजे सिमेंट. बिट टाइलच्या पलीकडे गेलं असं ती पूड सांगते. एका भोकात राखाडीची चिमूट आलीच. त्याने ताबडतोब हात मागे घेतला आणि पट्टी एक मिलिमीटर पुढे सरकवली.

यानंतर हातोडी. काका खुर्ची घेऊन बसले होते. पण हातोडी निघाली तीही सोनाराकडे असावी इतकी लहान, आणि छिन्नी अर्ध्या इंचाची, धार नुकतीच लावलेली. मिस्त्रीने डोळ्यांवर चष्मा चढवला आणि आम्हाला मागे सरायला सांगितलं. टाइलची चकाकी तुटताना तिच्या कपच्या काचेसारख्या उडतात. छिन्नी भिंतीला काटकोनात धरायची नाही, तिरपी धरायची. भिंतीत घुसेल असा घाव घालायचा नाही. भोकांच्या वर्तुळातला भाग दोन-चार हलक्या घावांत खाली आला, कारण मागे पोकळीच होती. पहिला तुकडा निघायला सर्वांत जड जातो, कारण त्याला सरकायला जागा नसते. एकदा मध्ये खड्डा झाला की पुढच्या प्रत्येक तुकड्याला पळायला वाट मिळते.

मग मधून कडेकडे. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. कडेपासून सुरुवात केली तर छिन्नीचा पहिला घावच शेजारणीच्या सीमेवर पडतो. आणि शेवटची बोटभर पट्टी उरली की भल्याभल्यांना स्क्रूड्रायव्हर सांध्यात घालून उचकटायचा मोह होतो. उचकटताना टेकू शेजारच्या टाइलच्या कडेचा घेतला जातो. एवढ्या निगुतीने जपलेली कड तेवढ्याने उडते. आमच्या मिस्त्रीने छिन्नी मधल्या रिकाम्या जागेतून पट्टीच्या पाठीमागे सरकवली, भिंतीला जवळजवळ समांतर, आणि टुक टुक करत पट्टी आतल्या बाजूला पाडली. चार कोपऱ्यांत केमिकलचे गोळे घट्ट होते. तिथे वेळ लागला. दोन वाजत आले होते. आमच्या सोसायटीत दोन ते चार ठोकाठोक बंद असते, आणि तो नियम काकांनीच करून घेतलेला आहे. 'राहिलेलं आटपून घे,' काकांनी उदारपणे परवानगी दिली. शेवटचा कोपरा निघेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

टाइल गेली आणि मागचं दिसलं. दुधावरच्या सायीसारखा एक राखाडी, किंचित लवचीक पापुद्रा प्लास्टरवर पसरलेला होता. जाडी फार तर मिलिमीटरभर. खालच्या मजल्यावरच्या शांततेची सगळी भिस्त या मिलिमीटरवर असते. कोपऱ्यांत त्याच्यावर जुन्या केमिकलचे गोळे जसेच्या तसे बसले होते, साधारण चार मिलिमीटर उंच. माझ्या हातात काम असतं तर मी जागा 'स्वच्छ' केली असती. आपल्याला भिंत स्वच्छ दिसावी लागते. मिस्त्रीने ते गोळे काढलेच नाहीत.

त्याचं गणित साधं होतं. नवी टाइल जुनीइतकीच जाड. तिच्या मागे तीन मिलिमीटर नवं केमिकल बसायला हवं. जुनं चारचं आहे, म्हणजे तीन मिलिमीटर तासलं आणि एक राहू दिलं की हिशेब जुळला. ते एक मिलिमीटर पापुद्र्यावर पांघरूण म्हणून राहील. सगळं मुळापासून काढायला गेलं तर गोळा पापुद्र्याला धरून बसलेला असतो, निघताना तो त्यालाही घेऊन निघतो. तासतानाही छिन्नी चपटी, आडवी फिरवायची. उभी धरली की गेलीच आत. आणि चारही कडांशी बोटभर रुंदीच्या जुन्या केमिकलला तर शक्यतो हातच लावायचा नाही.

कडेशी एवढं सोवळं का, तर पापुद्रा मध्ये फाटला तर ठिगळ लावता येतं, कडेला फाटला तर नाही. आमच्याकडे एका कोपऱ्याच्या अलीकडे दोन रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा गोळ्याबरोबर उखडून आलाच. मिस्त्रीने ब्रशने धूळ झाडली, ओल्या फडक्याने जागा ओलसर केली. पूड आणि पांढरं द्रव वेगवेगळं मिळतं ते कोटिंग कालवून फाटलेल्या जागेच्या सभोवती दोन-दोन इंच जाईल असा एक हात मारला. तो वाळल्यावर दुसरा हात आडवा, पहिल्याच्या उलट दिशेने. मध्ये फाटलं असल्यामुळे सभोवती दोन इंच जागा होती. हेच फाटणं शेजारणीच्या खाली शिरलं असतं, तर जोडाला पदर द्यायला तिथे जागाच नसती. मग तिलाही काढा, नाहीतर फट तशीच झाकून टाका. दुसरा पर्याय झटपट होतो. त्याची बातमी पुढच्या पावसाळ्यात खालून येते.

कोटिंग वाळायला दिवस द्यावा लागतो, म्हणून मिस्त्री त्या दिवशी निघून गेला. घरात नाराजी पसरली. एका टाइलसाठी एवढा वेळ? पण उघड्या चौकोनाकडे बघत कुणीतरी हेही म्हणालं की बरं झालं, मागचं आपल्याला बघायला तरी मिळालं.

नवी टाइल बसवताना काकांनी आक्षेप घेतला. 'आमच्या वेळी टाइला रात्रभर भिजत घालायचे. बुडबुडे यायचे थांबले की मगच लावायच्या.' काकांचं चुकीचं नव्हतं, फक्त जुनं होतं. सिमेंटच्या घोळात टाइल लावायची असेल तर भिजवावीच लागते. नाहीतर कोरडं बिस्किट घोळातलं पाणी शोषून घेतं, सिमेंट अर्धवट राहतं आणि पकड येत नाही. केमिकलमध्ये पाणी धरून ठेवण्याची सोय आधीच केलेली असते. तिथे भिजलेल्या टाइलच्या पाठीवरचं पाणीच पकडीच्या आड येतं. नुसती धूळ पुसायची. मिस्त्रीने टाइलच्या पाठीवर पातळ हात मारला, भिंतीवर दातेरी थापीने आडव्या रेघा ओढल्या आणि या वेळी मधली पोकळी ठेवली नाही. टाइल दाबताना किंचित वरखाली सरकवली, म्हणजे रेघा चेपून मागे सगळीकडे माल पसरतो. चारही बाजूंना दोन मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे तुकडे, टाइल खाली सरकू नये म्हणून वरून चिकटपट्ट्या. मग एक सरळ फळी तीन टाइलांवर आडवी धरून डोळा लावला. शेजारणींच्या पातळीपेक्षा केसभरही वर राहिली तर हाताला लागते आणि तिरप्या उजेडात दिसते. सांध्यात वर आलेलं केमिकल ओलं असतानाच काढलं. वाळल्यावर ते काढायचं म्हणजे पहिला अंक पुन्हा.

दुसऱ्या दिवशी ग्राउट. त्यानंतरही एक दिवस शॉवर बंद. त्या काळात घरातल्या दुसऱ्या बाथरूमसमोर जी रांग लागली तिच्याबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. ग्राउट त्याच शेडचं आणलं होतं, पण नवं ते नवंच. चार सांधे उजळ दिसतात आणि बाकीची भिंत जराशी पिवळट. आता आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना कुठली टाइल बदलली, हे लगेच ओळखता येतं. 'अहो, आता बाकीचीच भिंत जुनाट दिसतेय,' असं बायको म्हणाली, तेव्हा मला त्या दुसऱ्या मिस्त्रीचं व्हिजिटिंग कार्ड आठवलं. मी विषय बदलला. सांधे जुने करण्याचा उपाय नाही. आजूबाजूचे घासून उजळ करणं एवढंच हातात आहे, आणि ते काम, घरच्यांच्या एकमताने, माझ्याकडे आलं.

मिस्त्रीने एका टाइलचे जेवढे पैसे घेतले तेवढ्यात पहिल्या मिस्त्रीने निम्मी भिंत लावून दिली असती. तरीही मला ते जास्त वाटले नाहीत. चारही शेजारणींच्या कडा शाबूत आहेत आणि खालच्या काकांचं छत कोरडं आहे. छत कोरडं आहे हे ते मला जिन्यात भेटले की आपण होऊन सांगतात, थोडं हिरमुसलेल्या सुरात.

ज्यांच्या घरी सध्या बाथरूमचं काम चालू असेल त्यांना मात्र एक विनंती. टाइला बसण्याआधी उघड्या भिंतींचे, पाइप दिसतील असे फोटो काढा आणि फोटोत मापाची टेप धरा. उरलेल्यांतल्या पाच-सहा टाइला मूळ खोक्यातच ठेवा. शेड आणि बॅच नंबर असलेली बाजू पुढे, आणि खोकं मखराच्या मागे नको. साबणदाणी चिकटवायची मिळते, तीच घ्या. शॉवरच्या भिंतीत स्क्रू मारू नका.